कामात बुडालेल्या गाइडना थीसिसच्या भेटीसाठी मेल कसा लिहावा? (ड्राफ्ट दिलाय, बघा जरा)

रानजाई | ८ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, समाजशास्त्रात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. विषय बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं हंगामी स्थलांतर. माझे गाइड विभागप्रमुख आहेतच, यंदापासून अधिष्ठातापदाचा चार्जही त्यांच्याकडे आलाय. माणूस फार चांगला, पण आता त्यांना गाठणंच मुश्कील झालंय. मी एका कॉलेजात सीएचबीवर शिकवते, सोम-बुध-शुक्र माझे तास असतात आणि विद्यापीठ एसटीने अडीच तासांवर, त्यामुळे रोज जाऊन केबिनबाहेर बसणं शक्य नाही. मागच्या महिन्यात मेल केला होता त्याला उत्तर आलं नाही. आता परत पाठवायचाय. हा तोच मेल, थोडा नीट करून:

> विषय: भेटीबाबत
>
> आदरणीय सर, सविनय नमस्कार. आपण कुशल असाल अशी आशा करते. मी आपल्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करत असलेली विद्यार्थिनी आहे. आपण अत्यंत व्यस्त असता याची मला पूर्ण जाणीव आहे, तरी माझ्या प्रबंधाच्या प्रगतीबद्दल आपल्याशी सविस्तर चर्चा करायची होती. आपल्या सोयीनुसार कधीही वेळ द्यावा ही नम्र विनंती. सोबत प्रकरण १, २ व ३ आणि मुलाखत अनुसूची जोडली आहे. कृपया अवलोकन करून अभिप्राय द्यावा. तसदीबद्दल क्षमस्व. आपली विद्यार्थिनी.

भाषा नम्र आहे, तीन चॅप्टर पण जोडलेत म्हणजे काम झालंय हे दिसतं, मग तरी उत्तर का येत नसेल? घाई अशासाठी की गावातल्या टोळ्या दसऱ्यानंतर हलायला लागतात आणि दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसं आणि पोरंच उरतात. अनुसूची सरांनी ओके केल्याशिवाय मला दुसऱ्या फेरीच्या मुलाखती सुरू करता येत नाहीत. आत्ता हुकलं तर बायका थेट एप्रिलमध्ये परत येणार.

---

सरळसोट | ८ सप्टेंबर, रात्री १०.०५

मेलबिल सोडा. आपल्याकडे मेलवर कामं होत नाहीत. विभागातल्या शिपायाला किंवा अधिष्ठाता कार्यालयातल्या क्लार्कला विचारा सर कधी असतात, त्यांना सगळं वेळापत्रक पाठ असतं, आणि त्या वेळेला जाऊन उभ्या राहा. समोर माणूस दिसला की नाही म्हणता येत नाही. आणि जाताना सहामाही प्रोग्रेस रिपोर्टचा फॉर्म पण घेऊन जा, सहीपण होऊन जाईल आणि चर्चापण, एका खेपेत दोन कामं.

---

अभ्यासू_मावशी | ८ सप्टेंबर, रात्री १०.३०

गाइड उत्तरच देत नसतील तर गाइड बदलून घ्या गं. माझ्या भाचीने बदलला. आधीच्या गाइडचं ना हरकत पत्र लागतं, नवीन गाइडकडे जागा रिकामी लागते, आणि मग समितीपुढे अर्ज जातो. प्रोफेसर असतील तर एका वेळी आठ विद्यार्थी, असोसिएट असतील तर सहा, असिस्टंटला चार, तेव्हा आधी जागा कुणाकडे आहे ते बघ.

---

रानजाई | ८ सप्टेंबर, रात्री १०.४१

मावशी, बदलायचा प्रश्नच नाही हो, सरांइतका या विषयातला माणूस मला दुसरीकडे मिळणार नाही. फक्त वीस-तीस मिनिटं हवीत.

---

वैशाखवारा | ८ सप्टेंबर, रात्री ११.५०

रानजाई, मी स्वतः गाइड आहे, माझ्याकडे आत्ता सात जण आहेत, तेव्हा मेल पलीकडच्या बाजूने कसा वाचला जातो ते सांगते.

तुझे सर तुझा मेल फोनवर वाचणार, बहुतेक दोन मीटिंगांच्या मधे. स्क्रीनवर आधी विषय दिसतो आणि पहिली एखादी ओळ. "भेटीबाबत" आणि "आपण कुशल असाल", यातून त्यांना काहीच कळत नाही, पण हे फार मोठं नाही, तरीही ते मेल उघडतील. खरी गोची पुढे आहे. खाली तीन प्रकरणं जोडलेली आणि "अवलोकन करून अभिप्राय द्यावा". किती पानं आहेत गं ती तिन्ही मिळून? शंभराच्या वर असतील. चांगला गाइड असेल तर त्याच्या मनात लगेच येतं की ही पोरगी भेटायला आली तर मी आधी हे वाचलेलं पाहिजे, न वाचता बसणं बरं दिसत नाही. मग तो ठरवतो की रविवारी वाचू आणि वाचून झालं की वेळ देऊ. रविवारी कुणाचं तरी लग्न निघतं नाहीतर नॅकची फाइल निघते, आणि सोमवारी तुझ्या मेलवर अजून चाळीस मेल चढलेले असतात. वीस मिनिटं त्यांच्याकडे होती, पण शंभर पानं वाचण्याची फुरसत नव्हती, आणि तू भेटीला ती शंभर पानं बांधून टाकलीस. माझ्याकडे अडकलेले मेल मी कधीकधी मागे जाऊन बघते, त्यातले बहुतेक असेच असतात.

दुसरं, "प्रगतीबद्दल सविस्तर चर्चा". यात त्यांनी नक्की काय करायचंय? ऐकायचंय, मंजुरी द्यायचीय, का काही निवडायचंय? आणि दसरा, टोळ्या, अनुसूची अडलीय हे तू आम्हाला सांगितलंस, सरांच्या मेलमध्ये त्याचा एक शब्द नाही! त्यांच्या लेखी हा मेल आज वाचला काय आणि दिवाळीनंतर वाचला काय, सारखंच.

तर आधी मला सांग, अनुसूचीत नक्की अडलंय कुठे? सरांकडून कुठला निर्णय हवाय?

---

निखिल_म्युनिक | ९ सप्टेंबर, पहाटे २.१५

इकडे जर्मनीत आमच्या प्रोफेसरांचं ऑनलाइन कॅलेंडर असतं, त्यात मोकळा स्लॉट बघून आपणच बुक करायचा, दर दोन आठवड्यांनी अर्धा तास ठरलेला. मेलमध्ये ख्यालीखुशाली कुणी लिहीत नाही. तुम्हीपण सरांना सुचवून बघा ना, महिन्याचा एक फिक्स दिवस.

---

पेन्सिल | ९ सप्टेंबर, सकाळी ८.२०

निखिल, इथे सुचवणं सोपं नसतं रे. मी केमिस्ट्रीत आहे, आमचे सर रोज लॅबमध्ये भेटतात तरी थीसिसबद्दल बोलणं होत नाही, कारण भेटलं की बोलणं कॉलम कधी टाकलास आणि एनएमआरला सॅम्पल गेलं का एवढ्यावरच संपतं. माझी जेआरएफची दोन वर्षं पूर्ण होत आलीत, एसआरएफसाठी समितीपुढे काम मांडायचंय आणि ते कसं मांडायचं यावर सरांशी एकदा बसायचंय, पण रोज दिसणाऱ्या माणसाला अपॉइंटमेंटचा मेल करणं विचित्र वाटतं. तर हा धागा मीपण फॉलो करतोय.

---

वैशाखवारा | ९ सप्टेंबर, सकाळी ८.५५

पेन्सिल, रोज दिसतात म्हणूनच मेल कर. लॅबमधलं बोलणं लॅबचंच राहतं. वेगळा वेळ मागितला की ते वेगळ्या डोक्याने बसतात.

---

रानजाई | ९ सप्टेंबर, सकाळी ९.१०

वैशाखवारा मॅडम, पानं एकशे चाळीसच्या आसपास आहेत. हे मी या बाजूने कधी बघितलंच नव्हतं.

अडलंय ते असं. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पण पहिल्या फेरीत मला काही बायका अशा भेटल्या ज्या एकट्या जातात, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या, त्यांना अर्धा कोयता म्हणतात. त्यांची उचल वेगळी, कुणासोबत जोडी लावायची ते मुकादम ठरवतो, राहण्याचा प्रश्न वेगळा. सिनॉप्सिसमध्ये हा गट नव्हता. तर एक, यांच्यासाठी वेगळी अनुसूची करायची का आहे त्याच अनुसूचीत चार-पाच प्रश्न वाढवायचे. आणि दोन, मुलाखती निघायच्या आधी गावात घ्यायच्या की नंतर कारखान्याच्या बाजूला, त्या कोपी करून राहतात तिथे जाऊन. बाकी तीन प्रकरणांवर पण बोलायचं आहेच.

---

तोडकरी_पोर | ९ सप्टेंबर, दुपारी १.३०

ताई मी बीडचाच, आईवडील वीस वर्षं तोडीला जात होते, मी आता पोलिस भरतीची तयारी करतोय. मेलचं मला कळत नाही पण ते दोन नंबरचं सांगतो. फडात कुणाला वेळ नसतो, बायका पहाटे अंधारात उठून स्वयंपाक करून निघतात आणि गाडी रात्री भरायला आली तर रात्री मोळ्या वाहतात. दुपारी थांबतात तेव्हा डोळे मिटलेले असतात. आणि मुकादम तिथंच असतो, त्याच्यासमोर उचलीबद्दल कोण बोलणार. गावात विचारा. पण गावात पण उचल वाटून झाली की मग मुकादमाचा माणूस रोज घरी येतो निघायचं बघायला, त्याच्या आधी जा. आणि दसऱ्याचं पक्कं धरू नका, गाळप कधी सुरू होतंय त्यावर असतं, आमच्याकडच्या कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्या कधी कधी आधीच निघतात.

---

वैशाखवारा | ९ सप्टेंबर, दुपारी ३.००

तोडकरी_पोर, फार मोलाचं सांगितलंत.

रानजाई, आता तुझे दोन स्पष्ट प्रश्न आहेत आणि दोन्हींवर तुझं स्वतःचं मत असणार. मेलमध्ये तेच लिही. तीन प्रकरणं या मेलमधून पूर्ण काढून टाक, ती दुसऱ्या भेटीचा विषय आहेत. जोडायचं फक्त दोन पानांचं टिपण आणि अनुसूची, आणि मेलमध्ये स्पष्ट लिही की भेटीआधी फक्त ती दोन पानं बघितली तरी पुरे. या एका वाक्याने सरांचं निम्मं ओझं उतरेल.

"कधीही" लिहू नकोस. "कधीही" म्हटलं की त्यांना डायरी काढून शोधावं लागतं. तू तीन वेळा दे, तुझे तास सोडून, म्हणजे त्यांना फक्त एकावर बोट ठेवायचंय. आणि त्यातली एकही चालत नसेल तर पर्याय काय तेही सांग, फोन किंवा गुगल मीट.

---

सरळसोट | ९ सप्टेंबर, दुपारी ३.४०

तीन वेळा आपण द्यायच्या म्हणजे अधिष्ठात्यांना आपण सांगतोय की या वेळेला मोकळे राहा, हे आमच्याकडे तरी उद्धटपणाचं धरतील. आणि "माझं मत असं आहे" हे तर अजिबात नको, गाइडला विचारायचं असतं, सांगायचं नसतं.

---

देवगिरीचा_वारा | ९ सप्टेंबर, सायंकाळी ६.१५

सरळसोट म्हणतायत ते काही विभागांत खरं आहे, मी असे गाइड बघितलेत. पण मग शब्द बदला. "पुढीलपैकी एखादी वेळ आपल्याला जमेल का" असं विचारलं तर ती आज्ञा होत नाही. मत पण "मला असं वाटतं, आपण सांगाल तसं" असं मांडता येतं. मत न देता नुसतं "काय करू सर" विचारलं की सरांना सगळा विचार पहिल्यापासून करावा लागतो, मग ते म्हणतात भेटू तेव्हा बोलू, आणि भेट होत नाही.

शिवाय तारखा बघून द्या. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, अधिष्ठाता म्हणजे सकाळी ध्वजारोहण आणि दिवसभर कार्यक्रम. २२ ला घटस्थापना, त्या आठवड्यात अर्धी मंडळी सुट्टीवर.

---

रानजाई | ९ सप्टेंबर, रात्री ९.२५

सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिला. टिपण पण दीड पानात बसलं. बघा:

> विषय: मुलाखत अनुसूचीवर दोन निर्णय हवेत, २० मिनिटे, शक्यतो १८ सप्टेंबरपर्यंत
>
> आदरणीय सर,
> नमस्कार. ऊसतोड टोळ्या दसऱ्याच्या सुमारास गाव सोडतात, काही त्याआधीही निघतात. त्याआधी मुलाखतींची दुसरी फेरी व्हावी यासाठी अनुसूचीतल्या दोन मुद्द्यांवर आपला निर्णय हवा आहे.
>
> पहिला मुद्दा: एकट्या जाणाऱ्या (अर्धा कोयता) स्त्रियांसाठी वेगळी अनुसूची करावी, की आहे त्यात प्रश्न वाढवावेत? मला वेगळी करावी असं वाटतं, कारण उचल आणि राहण्याची सोय याबाबतचे प्रश्न त्यांच्या बाबतीत जोडीने जाणाऱ्या स्त्रियांपेक्षा मुळातच वेगळे आहेत.
>
> दुसरा मुद्दा: मुलाखती गावातच पूर्ण कराव्यात की कारखाना परिसरातही घ्याव्यात? मला गावात घ्याव्यात असं वाटतं, कारण फडावर मुकादमासमोर स्त्रिया मोकळेपणाने बोलणार नाहीत.
>
> सोबत दीड पानाचं टिपण आणि अनुसूची जोडली आहे. भेटीआधी फक्त टिपण पाहिलंत तरी पुरेसं होईल. प्रकरणांवरची चर्चा नंतर वेगळी करता येईल.
>
> पुढीलपैकी एखादी वेळ आपल्याला जमेल का? गुरुवार ११ दुपारी ३ नंतर, मंगळवार १६ दुपारी ३ नंतर, गुरुवार १८ पूर्ण दिवस. यातली कुठलीच सोयीची नसेल तर आपण सांगाल त्या वेळी फोनवरही चालेल.
>
> आपली विद्यार्थिनी

---

वैशाखवारा | ९ सप्टेंबर, रात्री १०.१०

हा मेल मला आला असता तर मी लिफ्टमध्ये उभी असतानाच "मंगळवार" लिहून पाठवलं असतं. एकच बदल, सहीच्या खाली नाव, नोंदणीचं वर्ष आणि मोबाइल नंबर टाक. अधिष्ठात्याचे मेल कधीकधी पीए बघतो, त्याला तू कोण ते कळलं पाहिजे, आणि सरांना फोनच करायचा झाला तर नंबर शोधावा लागू नये.

उद्या सकाळी आठ-साडेआठला पाठव. रात्री पाठवलेला मेल सकाळच्या गर्दीत खाली जातो.

---

पेन्सिल | १० सप्टेंबर, सकाळी ७.५०

एक शंका आहे. यात दोन्ही प्रश्नांची उत्तरं सर मेलवरच "हो, हो" लिहून देऊ शकतात. मग भेट होणारच नाही ना?

---

वैशाखवारा | १० सप्टेंबर, सकाळी ८.०५

होऊ दे की. या घडीला तिला निर्णय हवाय, तो मेलवर मिळाला तर तिचे पाच तास एसटीत जायचे वाचतील. भेट तीन प्रकरणांसाठी राखून ठेवता येईल, तिथे समोरासमोर बसणं लागतंच. पण तुझ्या बाबतीत वेगळं आहे, एसआरएफच्या समितीपुढे काय मांडायचं हे हो-नाही मध्ये सुटत नाही, तिथे तू भेटच माग आणि सोबत समितीपुढे दाखवायच्या स्लाइड्सचा कच्चा क्रम एका पानावर दे.

---

सरळसोट | १० सप्टेंबर, सकाळी ९.३०

बरं मेल करा, पण माझं एक ऐका, मेल गेला की व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाकाच, "सर मेल केला आहे, विषय अनुसूची". आणि आरएसीच्या बाकी दोन सदस्यांना सीसीत ठेवा, म्हणजे सर टाळू शकणार नाहीत.

---

देवगिरीचा_वारा | १० सप्टेंबर, सकाळी १०.००

सीसी नको हो! गाइडला वाटणार माझी तक्रार केली. शिवाय त्या दोघांपैकी कुणी रिप्लाय ऑल करून तिसरंच मत दिलं तर सर त्यांच्यासमोर अडकतात. सल्लागार समितीपुढे दर सत्राला एकदा जायचंच असतं ना, तिथे जे जायचं ते गाइडकडून ठरून जाऊ दे.

व्हॉट्सअॅपचं माझं मत वेगळं आहे. सर स्वतः तिथे बोलत असतील तर ठीक, नाहीतर त्यांच्या फोनवर आधीच पन्नास ग्रुप असतात, तिथला मेसेज निळी टिक होऊन गायब होतो.

---

वैशाखवारा | १० सप्टेंबर, सकाळी ११.१५

सीसीबद्दल देवगिरीशी सहमत. व्हॉट्सअॅपचं ज्याच्या त्याच्या गाइडवर आहे, मला चालतं, माझ्या शेजारच्या केबिनमधल्या सरांना अजिबात चालत नाही.

सरळसोट यांनी पहिल्या दिवशी सांगितलेल्या एका गोष्टीवर मात्र बोलायचं राहिलं, सही आणि चर्चा एकाच खेपेत. हे करू नकोस, रानजाई. फॉर्म टेबलावर ठेवला की भेट फॉर्मची होते. सर तो वाचतात, कुठला रकाना राहिलाय ते सांगतात, सही करतात, आणि सही झाली की दोघांनाही वाटतं काम झालं, तू उठतेस. अनुसूची पिशवीतच राहते. माझ्या केबिनमध्ये हे सारखं होतं. फॉर्म विभागाच्या क्लार्ककडे सहीसाठी वेगळा ठेव, तिथे सरळसोट म्हणतात ते अगदी बरोबर आहे, क्लार्कला माहीत असतं सर सह्या कधी करतात. पण चर्चा वेगळी.

---

अभ्यासू_मावशी | १० सप्टेंबर, दुपारी १२.३०

आणि उत्तर आलंच नाही तर किती दिवस थांबायचं?

---

वैशाखवारा | १० सप्टेंबर, दुपारी २.००

मावशी, तिची अडचण पंचांगाला बांधलेली आहे, तेव्हा ११ ची वेळ तशीच निघून गेली तर सोमवारी सकाळी त्याच मेलवर रिप्लाय करून एक ओळ, "सर, मंगळवार किंवा गुरुवार यापैकी काही जमेल का?" नवीन मेल करायचा नाही, म्हणजे टिपण शोधावं लागत नाही. त्यालाही उत्तर नाही तर गुरुवार आपण पूर्ण दिवस दिलाच आहे, कार्यालयात फोन करून सर असल्याची खात्री करायची आणि जायचं.

उत्तर येतं ते पण नीट वाचायला लागतं. "पुढच्या आठवड्यात बोलू" हे उत्तर म्हणजे तारीख मिळालेली नाही. त्यावर आभार मानून गप्प बसलीस तर ते तिथेच संपतं. लगेच "धन्यवाद सर, मंगळवार १६ ला तीन वाजता येऊ का?" असं विचारायचं. आणि "या कधीही" असं उत्तर आलं तर बाहेर अजून सहा जणांना हेच सांगितलेलं असतं, तेव्हा त्यावरही वेळ मागून घ्यायची.

---

रानजाई | १२ सप्टेंबर, रात्री १०.५०

उत्तर आलं!! आत्ता साडेदहाला. एवढंच आहे: "मंगळवार १६, साडेचार. टिपण वाचलं. अर्ध्या कोयत्याचा मुद्दा चांगला आहे, पण वेगळ्या अनुसूचीने तुलना कशी करणार? विचार करून या." गुरुवारचं काही उत्तर नव्हतं म्हणून मी धास्तावले होते.

तुलनेचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. दोन गटांना वेगवेगळे प्रश्न विचारले तर उत्तरं शेजारी ठेवून बघताच येणार नाहीत.

---

देवगिरीचा_वारा | १२ सप्टेंबर, रात्री ११.२०

अभिनंदन. सामायिक प्रश्नांचा गाभा दोघींना सारखा ठेवा आणि अर्ध्या कोयत्याच्या बायकांसाठी शेवटी एक जादा भाग जोडा, म्हणजे तुलनाही होईल आणि वेगळेपणही राहील. दोन्ही प्रकारे मांडणी करून नेलीत तर सर तिथल्या तिथे ठरवतील. प्रिंट न्या, दोन प्रती, एक त्यांना खुणा करायला.

---

रानजाई | १६ सप्टेंबर, रात्री १०.१५

जाऊन आले. पाऊण तास दिला सरांनी! मधे दोनदा फोन आले तरी परत मुद्द्यावर आले. गाभा सारखा आणि जादा भाग वेगळा हे त्यांना पटलं. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र माझं पूर्ण मान्य झालं नाही, ते म्हणाले मुलाखती गावातच घे पण हंगामात दोनदा कोपीवर जाऊन नुसतं निरीक्षण कर, अनुसूची न काढता, नाहीतर स्थलांतरावरच्या प्रबंधात स्थलांतराची जागाच दिसणार नाही. तिसऱ्या प्रकरणाबद्दल दिवाळीनंतर बसू म्हणाले.

तोडकरी_पोर, तुम्ही सांगितलेलं मी तुमच्या गावाचं नाव न घेता सरांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

---

वैशाखवारा | १६ सप्टेंबर, रात्री १०.४०

फार छान झालं. आता झोपायच्या आधी एक काम कर, त्याच मेलच्या साखळीत चार ओळी पाठव, आज काय ठरलं, तू काय करणार, केव्हापर्यंत. सरांनी उत्तर दिलं नाही तरी चालेल. सत्राच्या शेवटी आरएसीपुढे कुणीतरी विचारणार की सिनॉप्सिसमध्ये हा गट नव्हता, मग कुठून आला, आणि तोपर्यंत सरांच्या डोक्यातून आजची भेट गेलेली असेल. मी स्वतः समितीत बसून एका मुलाला "हे कुणी सांगितलं तुला" असं विचारलेलं ऐकलंय, आणि त्याचा गाइड शेजारी बसून आठवत होता. लिहिलेलं असलं की सर पण पाठीशी उभे राहतात. आणि त्यातच शेवटच्या ओळीत दिवाळीनंतरच्या दोन तारखा टाक, "दिवाळीनंतर" ही तारीख नव्हे.

---

रानजाई | १६ सप्टेंबर, रात्री ११.२०

पाठवला:

> आदरणीय सर, आज वेळ दिल्याबद्दल मनापासून आभार. ठरलेलं असं: १) अनुसूचीचा मूळ भाग दोन्ही गटांना समान, अर्धा कोयता गटासाठी शेवटी जादा भाग. २) मुलाखती गावात, निघण्यापूर्वी. ३) हंगामात दोनदा कोपीवर केवळ निरीक्षणासाठी भेट. सुधारित अनुसूची शनिवारी पाठवते आणि सोमवारपासून मुलाखती सुरू करते. प्रकरण ३ साठी मंगळवार ४ नोव्हेंबर किंवा गुरुवार ६ नोव्हेंबर, दुपारी ३ नंतर, जमेल का?

---

सरळसोट | १७ सप्टेंबर, सकाळी ८.००

जमलं ते चांगलंच झालं. तरी मला अजून वाटतं की तुमचे सर मुळात वाचणारे आहेत म्हणून हे चाललं. ज्यांचे गाइड मेल उघडतच नाहीत त्यांनी काय करायचं ते सांगा.

---

पेन्सिल | १७ सप्टेंबर, सकाळी ९.४५

हो, तो प्रश्न आहेच. माझ्या सरांना काल मेल केला, स्लाइड्सच्या क्रमाचं एक पान जोडून, आणि आज लॅबमध्ये म्हणाले "तू काहीतरी पाठवलंयस ना, प्रिंट काढून टेबलावर ठेव". म्हणजे आमच्याकडे मेलपेक्षा टेबलावरचा कागद चालतो. तारीख अजून दिली नाही, प्रिंट काढून वरती पेन्सिलने तीन वेळा लिहून ठेवतोय.